प्रदर्शनाचं कॅप्शन लिहिताना: झाडीपट्टीतल्या कलादालनातून

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या आमच्या छोट्या कलादालनात नवं प्रदर्शन ठरलं की सोशल मीडियावर टाकायच्या फोटोखालचा मजकूर लिहायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. आता ते नव्या सहकारी मुलीकडे गेलंय. या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी तिच्या पहिल्याच कॅप्शनची गोष्ट सांगतो.

प्रदर्शन आहे झाडीपट्टीच्या नाटकांतल्या हातानं रंगवलेल्या पडद्यांचं. महाल, जंगल, गावचा रस्ता, श्रीमंताचा दिवाणखाना, असे नऊ पडदे. तिनं लिहून आणलं: ‘रंगरेषांच्या अद्भुत विश्वात आपले सहर्ष स्वागत! आपल्या समृद्ध परंपरेचा अनोखा आविष्कार अनुभवण्यासाठी सहकुटुंब, सहपरिवार अवश्य या.’ तारखा सगळ्यात खाली होत्या आणि प्रवेशाबद्दल एवढंच, की ‘नाममात्र शुल्क’.

मी तिला म्हटलं, यातला ‘रंगरेषा’ शब्द काढून ‘सूरताल’ घाल, गाण्याच्या मैफलीलाही हेच चालेल. विषय सांगायचा तर वस्तूचं नाव घ्यावं लागतं. ‘परंपरा’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे काही येत नाही, ‘नाटकाचा पडदा’ म्हटलं की येतं. शिवाय मोबाईलवर कॅप्शनच्या पहिल्या दोनेक ओळीच दिसतात. बाकीचं उघडून वाचायचं की नाही, ते तेवढ्यावर ठरतं. त्या जागेत स्वागत कशाला घालवायचं?

मग आम्ही दोघं पडद्यांपाशी जाऊन उभे राहिलो. इथे का यावं, हे मला नेहमी वस्तूजवळच सापडतं. आपल्याकडे नाटक रात्रभर चालतं, पडदा दिसतो तो मंडपातून, दिव्यांच्या झोतात. जवळ गेलं की कापडाच्या जोडाची शिवण दिसते, वर्षानुवर्षं एकाच जागी पडलेल्या घड्या दिसतात, आणि महालाच्या खांबावर सावली म्हणून मारलेला निळ्या रंगाचा एकच जाड फटकारा. दुरून तोच खांब गोल वाटतो. हे मंडपात बसून कधीच दिसत नाही. यायचं कारण मिळालं.

तारखांनाही कारण होतं. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा आणि शंकरपटाच्या बैलशर्यती सुरू झाल्या की नाटकांचा हंगाम लागतो आणि पडदे मंडळांबरोबर गावोगाव फिरतात. ते आपल्याला मिळतात हंगामाआधीच. हे कॅप्शनमध्ये सांगितलं, तर ‘पाहू नंतर’ म्हणणाऱ्याला घाई का करायची ते कळतं. शेवटी मजकूर असा झाला (पत्त्याच्या ओळी इथे गाळल्या आहेत):

‘नाटकाचा पडदा मंडपातून पाहिलात, आता हातभर अंतरावरून पाहा.
झाडीपट्टीच्या रंगमंचावरचे, हातानं रंगवलेले नऊ पडदे.
शुक्रवार, २ ऑक्टोबर ते रविवार, १८ ऑक्टोबर २०२६. सकाळी ११ ते सायंकाळी ६. सोमवारी बंद.
प्रवेश सर्वांना मोफत. मुलांची पडदा-रंगकाम कार्यशाळा रविवार, ११ ऑक्टोबरला दुपारी २ वाजता: प्रत्येकी ५० रुपये, आधी नाव नोंदवावं.
फ्लॅश न वापरता फोटो काढता येतील.
दिवाळीनंतर हे पडदे पुन्हा नाटकांबरोबर निघतील.’

प्रवेशाच्या ओळीवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. ‘नाममात्र शुल्क’ वाचलं की खेड्यातून येणारा माणूस घरची माणसं मोजतो, एसटीचं भाडं मोजतो आणि राहू दे म्हणतो. विचारायला फोन करणारे थोडेच. म्हणून मोफत असेल तर ‘मोफत’, पैसे असतील तर आकडा. कार्यशाळेचे पन्नास रुपये प्रवेशाच्या वाक्यात मिसळले, तर दारात वाद ठरलेला. ‘मोफत लिवलं होतं ना जी?’ असं कुणी विचारलं तर चूक त्याची नसते. म्हणून दोन वाक्यं वेगळी ठेवली.

तारखेबरोबर वार लिहायचाच, कारण बाजाराच्या दिवशी तालुक्याला येणारी माणसं वारावरूनच बेत आखतात. पण वार आणि तारीख कॅलेंडर समोर ठेवून जुळवायची. जुळली नाही, तर कुणी तारीख धरून येतं, कुणी वार धरून, आणि एकाला दार बंद मिळतं. ‘उद्यापासून’, ‘येत्या रविवारी’ हे शब्द तर नकोतच. मजकूर व्हॉट्सअॅपवर आठवडाभर फिरत राहतो आणि ‘उद्या’ रोज बदलतो. वर्ष लिहायचं तेही याचसाठी.

पाठवण्याआधी एक तपासणी मी सोडत नाही. दालनाशी संबंध नसलेल्या माणसाला मजकूर एकदा वाचून दाखवायचा आणि विचारायचं: काय पाहायला मिळणार, कधी जाशील, खिशात किती ठेवशील? यावेळी शेजारच्या चहावाल्या काकांना विचारलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांनी लगेच दिली. तिसऱ्यावर म्हणाले, ‘माझं फुकट, नातवाचे पन्नास.’ तेव्हाच तिनं मजकूर टाकला.

१९ तारखेला सकाळी त्याच कॅप्शनच्या पहिल्या ओळीत ‘प्रदर्शन संपलं आहे’ एवढं घालायचं कामही तिच्याकडेच आहे.