पेशंटचा नवीन रेकॉर्ड नंबर: या चुका टाळा

ऑक्टोबरपासून आपण नवीन रेकॉर्ड नंबर चालू केला, तीन महिने बऱ्यापैकी सुरळीत गेले आणि जानेवारी लागल्यावर एकदम गडबड वाढली. एकाच पेशंटचे दोन दोन नंबर निघतायत, लॅबचे रिपोर्ट भलत्याच फाईलला लागतायत. म्हणून रिसेप्शन, वॉर्ड, लॅब, फार्मसी, बिलिंग सगळ्यांसाठी हे सविस्तर लिहितोय, नीट वाचा.

नंबर असा दिसतो:

```
ORT-25-000812
```

पहिली तीन अक्षरं डिपार्टमेंटची, मग वर्षाचे शेवटचे दोन आकडे, मग त्या डिपार्टमेंटचा त्या वर्षातला सहा आकडी क्रम. म्हणजे हा पेशंट 2025 मध्ये ऑर्थोला आलेला आठशे बारावा नवीन पेशंट, बास. आज तो कुठल्या डॉक्टरकडे आहे, कुठल्या वॉर्डात आहे, हे नंबर सांगत नाही. त्याची फाईल पहिल्यांदा कुठे आणि कधी उघडली एवढंच तो सांगतो आणि हा नंबर त्या माणसाला आयुष्यभरासाठी असतो. सगळ्यात जास्त चुका इथेच होतायत.

एक उदाहरण घेऊ. समजा एक बाई नोव्हेंबरमध्ये गुडघा दुखतो म्हणून ऑर्थोला आल्या, नंबर मिळाला ORT-25-000812, तेव्हा सिस्टरनी विचारून पेनिसिलिनची ॲलर्जी फाईलला टाकली. जानेवारीत त्याच बाई ताप-खोकला घेऊन मेडिसिन ओपीडीला येतात, केसपेपर घरी राहिलाय, काउंटरला रांग लागलीय, आणि समोरचा माणूस विचार करतो की हा तर मेडिसिनचा पेशंट, वर्षही नवीन, काढा नवीन नंबर, MED-26-000044. आता डॉक्टरांच्या स्क्रीनवर कोरी फाईल उघडते, ॲलर्जीचा रकाना रिकामा, आणि छातीत इन्फेक्शन म्हटल्यावर ॲमॉक्सिसिलिन लिहिलं जाणं अगदी साहजिक आहे, जे पेनिसिलिनच्याच घरातलं औषध. डॉक्टरांची चूक नाही, फार्मसीची नाही, काउंटरला तीस सेकंद वाचवली त्याचा हा परिणाम.

म्हणून नवीन नंबर काढायच्या आधी शोधायचंच. "आधी आमच्याकडे आला होता का?" एवढं विचारून भागत नाही, कारण पेशंटला वाटतं या डॉक्टरकडे आलो होतो का असं विचारतायत, तो नाही म्हणतो. "या हॉस्पिटलमध्ये कशासाठीही, कधीही आला होता का?" असं विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी मोबाईल नंबरवर एकदा आणि नाव-जन्मतारखेवर एकदा असं दोनदा शोधा. मोबाईल बऱ्याचदा मुलाचा किंवा सुनेचा दिलेला असतो, घरातल्या चार जणांना एकच, त्यामुळे नुसता मोबाईल जुळला म्हणून फाईल उघडू नका. नावात आडनाव आधी टाकलेलं असतं, लग्नाआधीचं असतं, स्पेलिंग वेगळं असतं, तर आडनावाची पहिली तीनच अक्षरं टाकून बघा.

वर्षाचा अजून एक घोळ बिलिंगवाल्यांचा होतोय. बिलाचा नंबर 1 एप्रिलला बदलतो, रेकॉर्ड नंबरमधलं वर्ष 1 जानेवारीला बदलतं आणि तेही फक्त नवीन पेशंटसाठी, जुन्या पेशंटच्या नंबरातलं 25 तसंच राहणार. आयपीडी नंबर पूर्ण वेगळी गोष्ट आहे, तो प्रत्येक ॲडमिशनला नवीन मिळतो. 30 डिसेंबरला ॲडमिट होऊन 4 जानेवारीला डिस्चार्ज झालेल्या पेशंटचा आयपीडी नंबरही 2025 चाच, डिस्चार्ज कार्ड करताना तो "दुरुस्त" करू नका.

दुसरी चूक दिसायला बारीक आहे पण मला तिचीच जास्त भीती वाटते. जुन्या पद्धतीत अख्ख्या हॉस्पिटलचा एकच क्रम होता म्हणून आपल्याला सवय लागलीय की "मावशी, आठशे बाराची फाईल आणा". आता क्रम प्रत्येक डिपार्टमेंटचा वेगळा आहे आणि दरवर्षी एकपासून सुरू होतो, त्यामुळे ORT-25-000812 वेगळा माणूस आणि MED-25-000812 वेगळा माणूस, दोघं एकाच वॉर्डात शेजारीशेजारी असू शकतात. सॅम्पलच्या ट्यूबवर, एक्सरेच्या पाकिटावर, ओटी लिस्टवर नुसते शेवटचे आकडे लिहायचे नाहीत, पूर्ण नंबर आणि पूर्ण नाव दोन्ही लिहायचं. बेड नंबर ही ओळख नाही, बेड दिवसातून दोनदा बदलतो.

फोनवर नंबर सांगताना एकेक आकडा सुटा सांगा. एकोणचाळीस आणि एकोणपन्नास, सदतीस आणि सदुसष्ट, गडबडीच्या वॉर्डात फोनवर सारखेच ऐकू येतात. "ओ आर टी, दोन पाच, शून्य शून्य शून्य आठ एक दोन" असं, आणि समोरच्याने परत वाचून दाखवायचं. हाताने लिहिताना O आणि 0 चा गोंधळ वाटला तर लक्षात ठेवा, पहिल्या तीन जागी कायम अक्षरंच आणि नंतर कायम आकडेच. मध्ये डॅशच द्या, स्लॅश नको, स्कॅन केलेल्या फाईलच्या नावात कॉम्प्युटर स्लॅश घेत नाही, मग लोक मनाने काहीतरी नाव देतात आणि ती फाईल परत सापडत नाही. एक्सेलमध्ये लिस्ट करत असाल तर पूर्ण नंबर एकाच रकान्यात टाका, क्रम वेगळा टाकला की पुढची शून्यं उडतात.

नवजात बाळाला स्वतःचा नंबर, PED कोडने, जन्मल्याबरोबर. आईच्या नंबरपुढे A किंवा B लावायचं नाही, जुळी असतील तर दोन वेगळे नंबर, आणि आईचा नंबर "आईची नोंद" या रकान्यात टाकायचा.

आता दोन नंबर निघालेच आहेत असं लक्षात आलं तर काय करायचं? स्वतः काहीही डिलीट करू नका, आणि एका फाईलमधलं कॉपी करून दुसरीत टाकू नका. दोन्ही नंबर लिहून एमआरडीला कळवा आणि डॉक्टरांना, वॉर्डच्या सिस्टरना लगेच तोंडी सांगा, कारण जोडणी व्हायला वेळ लागतो आणि औषध तोपर्यंत थांबत नाही. एमआरडी जुना नंबर कायम ठेवून नवा त्याला जोडते, नंतर कोणी नवा शोधला तरी जुनीच फाईल उघडते. ब्लड बँकेला गेलेल्या सॅम्पलवर चुकीचा नंबर असेल तर लेबल खोडून बदलायचं नाही, सॅम्पल नव्यानेच घ्यायचं, कितीही घाई असली तरी.

नातेवाईक कागदपत्रं मागतात तेव्हाही हे अंगाशी येतं. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागणी आल्यावर 72 तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं, आणि नंबर दोन असतील तर आपण अर्धंच रेकॉर्ड हातात देतो, ते अर्धं आहे हे आपल्यालाही माहीत नसतं.

ऑक्टोबरच्या आधीचे पेशंट परत आले तर त्यांना नवीन नंबर एकदाच द्यायचा, ज्या डिपार्टमेंटला ते आज आलेत त्याच्या कोडने आणि चालू वर्षाने, आणि जुना नंबर "जुना नंबर" रकान्यात टाकल्याशिवाय सेव्ह करायचं नाही. त्यांच्या कागदी फाईलवरचा जुना नंबर खोडू नका, नवीन नंबरचं स्टिकर त्याच्या खाली लावा, रॅकमध्ये फाईल जुन्याच जागी राहील.