अरबी क्रियापदाचा मधला स्वर : नव्याने शिकणाऱ्यांसाठी

आपला ‘हिशेब’ हा शब्द ज्या अरबी धातूतून आला, त्यात तीन व्यंजनं आहेत : ह, स, ब. या तिघांचं साधं भूतकाळी क्रियापद अरबीत तीन तऱ्हांनी होतं. ह-स-ब म्हणजे त्याने मोजलं. ह-सि-ब म्हणजे त्याला वाटलं, तो तसं धरून चालला. ह-सु-ब म्हणजे तो कुलवान होता किंवा झाला. पहिलं आणि तिसरं व्यंजन जागच्या जागी, त्यांचा ‘अ’ही तसाच. बदलतो तो फक्त मधला स्वर. नेहमीच्या अरबी छपाईत ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत, त्यामुळे पानावर तिन्ही शब्द एकसारखे दिसतात. कोणता वाचायचा हे क्रियापद आधीपासून माहीत असेल आणि वाक्य समजलं असेल तरच ठरतं.

म्हणून पहिल्या दिवसापासून क्रियापद मधल्या स्वरासकट पाठ करायचं. इथे अक्षरांमध्ये रेघा दिल्या आहेत त्या मुद्दाम. क-त-ब हा शब्द मराठी सवयीने ‘कतब्’ असा वाचला जातो, पण अरबीत शेवटचा ‘अ’ही पूर्ण उच्चारायचा असतो. याहून मोठा घोटाळा मधल्या इ-उचा होतो. गरीब, वकील, कबूल असं उपान्त्य अक्षर लांबवायची आपल्या जिभेला सवय आहे. क-बि-ल म्हणजे त्याने स्वीकारलं (आपलं ‘कबूल’ याच धातूचं), पण ‘बि’ लांबवलं आणि शब्द आकारान्त झाला की ‘कबीला’ होतं, म्हणजे टोळी. आपल्या कुटुंबकबिल्यातला तोच. तीन समान, आखूड ठोके : क, बि, ल. टाळी वाजवत म्हणून पाहिलं तर चूक लगेच कानाला कळते.

आता तिन्ही घरांकडे. मधे ‘अ’ असलेलं घर सर्वांत मोठं. क-त-ब (लिहिलं), ज-ल-स (बसला), फ-त-ह (उघडलं) अशी बहुतेक कृतीची क्रियापदं तिथे सापडतात. या घराची अडचण भूतकाळात नाही, वर्तमानात आहे. यक्तुबु, यज्लिसु, यफ्तहु : मधे कधी उ, कधी इ, कधी अ, आणि तो बहुधा आधी सांगता येत नाही. दुसरं किंवा तिसरं व्यंजन घशातलं असेल तर वर्तमानात ‘अ’ येण्याचा कल असतो, ‘फतह’चं तसंच आहे. पण द-ख-ल (आत गेला) मधे ‘ख’ असूनही यद्खुलु होतं. तेव्हा या घरात जोडी पाठ करण्याला पर्याय नाही.

मधे ‘इ’ असलेलं घर मराठी माणसाला खरं तर जवळचं वाटायला हवं. श-रि-ब, ल-बि-स, फ-हि-म, न-सि-य. आता त्यांचे अर्थ पाहा : तो प्यायला, तो नेसला, तो समजला, तो विसरला. चारही क्रियापदांना कर्म लागतं, तरी मराठीत आपण ‘त्याने प्यायलं’ म्हणत नाही. ‘ने’ न लावता ‘तो पाणी प्यायला’ म्हणतो. कृतीचा परिणाम करणाऱ्याच्याच अंगावर किंवा मनात उतरतो, अशी ही क्रियापदं. अरबीतलं ‘इ’चं घर बरंचसं याच जातीचं आहे. त-इ-ब (दमला), म-रि-द (आजारी पडला), फ-रि-ह (आनंदला), ह-झि-न (दुःखी झाला) ही शरीरमनाच्या येत्याजात्या अवस्था सांगणारी क्रियापदंही इथलीच. ही ‘ने’ची खूण आठवणीसाठी उपयोगी, नियम म्हणून नाही. स-मि-अ म्हणजे ‘त्याने ऐकलं’, इथे आपल्याकडे ‘ने’ आहे. उलट ‘बोलला’ला ‘ने’ नाही, पण अरबीतलं काल (म्हणाला) पहिल्या घरातलं.

या घराचं बक्षीस म्हणजे वर्तमानकाळ जवळजवळ नेहमी ‘अ’ घेतो : यश्रबु, यल्बसु, यफ्हमु. अपवाद मोजके आहेत. व-रि-स (वारसा मिळाला) याचं यरिसु होतं, आणि आपल्या ह-सि-बचं यह्सबु आणि यह्सिबु दोन्ही चालतं.

मधे ‘उ’ असेल तर गुण किंवा ठरलेला स्वभाव. वर्तमानातही ‘उ’च, इथे अपवाद शोधत बसायला नको. क-बु-र, यक्बुरु : मोठा झाला. क-सु-र : पुष्कळ झालं. ब-उ-द : दूर झाला. यातल्या बऱ्याच क्रियापदांचं विशेषण ‘फईल’ साच्याचं असतं आणि ती आपल्या ओळखीची आहेत : क-बु-रचं कबीर, क-रु-मचं करीम, श-रु-फचं शरीफ. ‘गरीब’ही त्यातलंच, फक्त अरबीत त्याचा अर्थ परका, विलक्षण. ग-रु-ब म्हणजे विलक्षण वाटण्याजोगं झालं. मधला स्वर ‘अ’ केला की ग-र-ब, सूर्य मावळला, ज्यातून ‘मगरीब’ आला.

इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, या क्रियापदांना कर्म जोडणं. ‘त्याने पाहुण्याचा मान राखला’ यासाठी क-रु-म चालत नाही, कारण ते फक्त ‘तो उदार होता’ एवढंच सांगतं; तिथे अक्रम हे वेगळं, वाढवलेलं रूप लागतं. दुसरी चूक मराठीतून येते. ‘घर मोठं होतं’ असं सांगायचं असेल तर क-बु-र वापरू नये, त्याने घर मोठं झाल्याचा, वाढल्याचा अर्थ निघतो. तिथे कान (होतं) आणि विशेषण : कान अल-बैतु कबीरन्. ‘तो आजारी आहे’लाही म-रि-दचं वर्तमान नको, नुसतं विशेषण ‘मरीद’ पुरतं.

क-बु-र आणि क-बि-र शेजारी ठेवले की फरक डोळ्यांसमोर येतो. पहिलं आकाराने, महत्त्वाने मोठं होणं, यक्बुरु. दुसरं वयाने वाढणं, यक्बरु. मूल मोठं होतंय म्हणताना दुसरं.

आपल्याकडे मदरशांत हीच माहिती सहा ‘बाबां’त, म्हणजे क्रियापदांच्या सहा वर्गांत, शिकवतात आणि प्रत्येक बाबाला एका नमुन्याचं नाव असतं : नसर-यन्सुरु, दरब-यद्रिबु, फतह-यफ्तहु, समिअ-यस्मउ, करुम-यक्रुमु, हसिब-यह्सिबु. पहिले तीन ‘अ’च्या घराचे, पाचवा ‘उ’चा, चौथा आणि सहावा ‘इ’चे. नवीन क्रियापद मिळालं की ते कोणत्या बाबाचं एवढं वहीत लिहिलं तरी भूत आणि वर्तमान दोन्ही हातात येतात. हान्स वेर यांच्या शब्दकोशात भूतकाळी रूप रोमन लिपीत स्वरांसकट दिलेलं असतं आणि त्यापुढे एकच अक्षर, वर्तमानातल्या मधल्या स्वराचं. ते अक्षर वगळून नुसता अर्थ उतरवून घेतला की पुढच्या आठवड्यात पुन्हा कोश उघडावा लागतो.

काही क्रियापदांत मधला स्वर दिसतच नाही. नाम (झोपला), खाफ (घाबरला) यांत मधलं व्यंजन ‘व’ होतं, ते ‘आ’मध्ये विरघळलं. पण ‘मी’चा प्रत्यय लावला की लपलेला स्वर पहिल्या व्यंजनावर येऊन बसतो : निम्तु, खिफ्तु. म्हणजे ही ‘इ’च्या घरची, झोप आणि भीती, दोन्ही अवस्थाच. ‘काल’चं मात्र कुल्तु होतं. तिथला ‘उ’ लोपलेल्या ‘व’चा, गुणाच्या घराचा नव्हे.