पीएफची शिल्लक वर्षावर्षाने काढा

दरमहा पैसे भरायचे आणि वर्षाअखेर व्याज मिळवायचे, अशा फंडाला मासिक चक्रवाढीचे सूत्र लावले की उत्तर फुगते. व्याज दर महिन्याच्या शिलकेवर मोजले जाते खरे, पण ते खात्यात वर्षातून एकदाच जमा होते. तोवर त्यावर व्याज नाही.

दरमहा १,००० आणि दर ६ टक्के, म्हणजे महिन्याला अर्धा टक्का, असे धरू. रक्कम महिन्याअखेर जमा होत असेल तर पहिल्या हप्त्याला ११ महिन्यांचे व्याज, दुसऱ्याला १०, शेवटच्याला शून्य. बेरीज ६६, व्याज ३३०, शिल्लक १२,३३०. पुढे दरवर्षी आधीच्या शिलकेला १.०६ ने गुणायचे आणि १२,३३० मिळवायचे. दुसऱ्या वर्षी २५,३९९.८०, दहाव्या वर्षी सुमारे १,६२,५१९. मासिक चक्रवाढीने हेच १,६३,८७९ दिसते.

पहिल्या वर्षाचे व्याज ३३० ऐवजी ३९० आले, तर घाबरू नका: तुमचा फंड भरणा केलेला महिनाही धरतो, मग बेरीज ७८ होते. मध्येच दर किंवा हप्ता बदलला, तर मात्र त्या वर्षाचे बारा महिने हाताने मांडावेच लागतात.