दही लागत नाही? विरजणाला दोष देण्याआधी या चुका टाळा

"दही लागलंच नाही, विरजण खराब असणार." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उलट एकच विचारते, दूध किती गरम होतं? उत्तर ठरलेलं: "कोमटच होतं की!" या 'कोमट' शब्दाने जेवढं दूध वाया घालवलंय तेवढं मांजरांनीही घालवलं नसेल.

विरजण म्हणजे नुसता आंबटपणा नव्हे. चमचाभर ताज्या दह्यात कोट्यवधी जिवंत जिवाणू असतात. ते दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. दुधातल्या केसीन या प्रथिनाचे बारीक कण एरवी एकमेकांना दूर लोटत तरंगत असतात. आम्ल वाढत गेलं की हे लोटणं थांबतं, कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचं जाळं तयार होतं. पाणी आणि स्निग्धांश त्या जाळ्यात अडकले की आपण म्हणतो, दही लागलं. पीएच हा आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त. दुधाचा पीएच साधारण 6.7 असतो, तो 4.6 च्या आसपास उतरेपर्यंत हे काम चालतं. ते किती वेळात होणार हे जिवाणूंच्या वेगावर ठरतं, आणि वेग उबेवर.

गरम दुधात विरजण घालणं ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मीही केलीय. पाहुणे येणार होते, दोन लिटर दूध तापवलं, वरून हात लावला तर कोमट, म्हणून विरजण घातलं. सकाळी बघते तर दूध जसंच्या तसं. विरजण वाईट ठरवून दुसरीकडून आणलं, दूध पुन्हा तापवलं आणि तोच प्रकार! तिसऱ्यांदा चिडून थर्मामीटर बुडवला. सायीजवळ 45 अंश, पातेल्याच्या मधोमध 60 च्या वर. जाड बुडाचं पातेलं आणि वर सायीचं पांघरूण, म्हणजे आतलं दूध निवायला वेळ लागणारच. 50 अंशांच्या पुढे हे जिवाणू मंदावतात, मरू लागतात. 60 ला बहुतेकांचा निकाल लागतो. मी मेलेलं विरजण रात्रभर राखत बसले होते. आता आधी दूध तळापासून ढवळते, मगच मोजते, आणि 40 ते 43 अंशांवर अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा विरजण घालते. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ बोट दुधात बुडवून शांतपणे दहा अंक मोजता आले पाहिजेत. तिसऱ्या अंकाला बोट काढलंत तर थांबा.

असं फसलेलं दूध रात्रभर बाहेर राहिलं असेल तर त्यात पुन्हा विरजण घालू नका, टाकून द्या. दह्याचे जिवाणू मेले म्हणजे तिथे दुसरं काही वाढत नसेल असं नाही.

दुसरी चूक थंडीतली. दूध बरोबर 42 अंशांवर विरजलं, पण पातळ स्टीलचं भांडं थंड ओट्यावर ठेवलं. दोन तासांत दूध पार निवतं. जिवाणू मरत नाहीत, पण आळसावतात. पाच-सहा तासांचं काम बारा तासांवर जातं. भांड्याला टॉवेल गुंडाळला म्हणजे ऊब 'मिळते' असा एक गोड गैरसमज आहे. टॉवेल काहीच तापवत नाही, आहे ती ऊब धरून ठेवतो. म्हणून आधीच निवलेल्या भांड्याला गुंडाळण्यात अर्थ नाही. मी भांडं बंद ओव्हनमध्ये ठेवते, ओव्हन न लावता, नुसता आतला दिवा चालू ठेवून. तुमच्या ओव्हनमध्ये दिव्याने किती तापतं ते आधी पाणी ठेवून तपासा.

चार-पाच तासांनी दही पातळच असेल आणि वास किंचित आंबट असेल, तर जिवाणू कामावर आहेत. भांडं 45 अंशांच्या पाण्यात ठेवा, पाणी निवलं की बदला, बहुतेकदा दोन-तीन तासांत लागतं. विरजण वाढवू नका. आणि घाई असलेल्यांसाठी: मंद आचेवर ठेवायचं नाही! कडेचं दूध फाटतं, रबरी गोळे होतात, वर पाणी तरंगतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. जास्त विरजणाने दही लवकर लागतं, पण आंबट होतं आणि पाणी सुटतं. दूध नुसतं कोमट करून विरजू नका, आधी उकळून घ्या. उकळण्याच्या उष्णतेने दुधाच्या निवळीतली, म्हणजे पाणीदार भागातली, प्रथिनं केसीनला चिकटतात आणि दही घट्ट होतं. तार येत असेल तर विरजण बदला. आणि दर तासाला भांडं हलवून 'लागलं का' बघणाऱ्यांनो, ते जाळं तुम्हीच तोडताय. झाकण उचला, भांडं किंचित तिरकं करा, दही कडेपासून सुटून एकसंध सरकलं तर तसंच अलगद फ्रिजमध्ये ठेवा.