माल परत मागवण्याची सूचना ग्राहकाच्या उपयोगाची कशी करावी

समजा, एका गृहउद्योगात जवसाच्या चटणीच्या पाकिटांत चुकून शेंगदाण्याची चटणी भरली गेली. दोन्ही तिखट, दोन्हींना लसणाचा वास. पाकिटावरच्या घटकांत मात्र शेंगदाणा नाही. मग सूचना लिहिली गेली ती अशी:

"महत्त्वाची सूचना. दर्जाशी कधीही तडजोड न करणाऱ्या आमच्या संस्थेतर्फे कळविण्यात येते की, जवस चटणीच्या काही पाकिटांमध्ये लेबलविषयक तफावत आढळल्याने, केवळ खबरदारी म्हणून ती परत मागविण्यात येत आहेत. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

ज्या आईच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तिने हे सगळं वाचलं तरी 'शेंगदाणा' हा शब्द तिला कुठेच दिसत नाही. दुरुस्तीची सुरुवात इथूनच करायची.

पहिल्या ओळीत धोका त्याच्या नावानिशी लिहा. 'लेबलविषयक तफावत' म्हणजे काय, हे कारखान्यातल्या माणसाला कळतं. ग्राहकाला 'पाकिटात शेंगदाणा आहे, लेबलवर लिहिलेला नाही' हे कळतं. त्याने काय होऊ शकतं तेही लगेच सांगा: ॲलर्जी असलेल्याच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास अडकतो आणि जिवावर बेतू शकतं. 'केवळ खबरदारी म्हणून' हे शब्द काढून टाका, कारण ते वाचून माणूस पाकीट पुन्हा फळीवर ठेवतो. भीती वाढवायचीही गरज नाही. ज्यांना ॲलर्जी नाही, त्यांना या चटणीने अपाय होणार नसेल, तर तसं स्पष्ट लिहा.

त्यानंतर बॅच. 'काही पाकिटांमध्ये' एवढ्याने भागत नाही. बॅच नंबर पाकिटावर जसा छापलाय तसाच उतरवा. बाकी मजकूर मराठीत असला तरी नंबरचे आकडे देवनागरीत करू नका, कारण आजोबा पाकीट हातात धरून एकेक आकडा जुळवून पाहणार असतात. 24061 आणि 24063 या दोनच बॅच सदोष असतील तर '24061 ते 24063' असं लिहू नका, मधली चांगली बॅचही परत येईल. नंबर पाकिटावर कुठे सापडेल तेही सांगा, आणि जमल्यास त्या जागी गोल करून फोटो द्या. इतर बॅच तपासून झाल्या असतील तरच 'बाकी माल सुरक्षित आहे' म्हणा. नसतील तर 'तपासणी चालू आहे' हेच खरं.

आता बहुतेक सूचनांत राहून जाणारी गोष्ट. आपल्याकडे चटणी आणली की पाकीट फोडून बरणीत ओततात आणि पाकीट कचऱ्यात जातं. अशा घरात बॅच नंबर शोधणार कुठे? त्यांच्यासाठी माल कोणत्या तारखांना आणि कुठल्या भागात विकला गेला ते द्या, आणि पाकीट नसेल तर बरणीतली चटणी सदोषच समजायला सांगा.

शेवटी, ग्राहकाने काय करायचं ते आज्ञार्थी छोट्या वाक्यांत. हे सगळं बसवलं की सूचना अशी होते:

"शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ही जवस चटणी चाखूही नका. पाकिटात शेंगदाणा आहे, लेबलवर लिहिलेला नाही. ॲलर्जी असलेल्यांच्या जिवाला धोका होऊ शकतो. इतरांना अपाय नाही.
जवस चटणी, २०० ग्रॅम. बॅच 24061 आणि 24063. नंबर पाकिटाच्या मागे, पॅकिंगच्या तारखेखाली आहे.
पाकीट फेकलं असेल आणि चटणी १२ ते १९ जूनदरम्यान पुण्यात घेतली असेल, तर ती सदोष समजा.
चटणी कुणाला देऊ नका. दुकानात परत करा. बिल किंवा पाकीट नसलं तरी पूर्ण पैसे मिळतील.
खाल्ल्यावर ओठ सुजले किंवा धाप लागली, तर लगेच १०८ ला फोन करा."

याखाली फोन नंबर, तो कोणत्या वेळेत उचलला जाईल ते, आणि सूचनेची तारीख वर्षासकट. तारीख नसली तर हाच फोटो पुढच्या वर्षीही व्हॉट्सॲपवर फिरत राहतो. दिलगिरी, संस्थेची माहिती आणि परवाना क्रमांक सर्वांत शेवटी. अन्न परत मागवण्याबद्दल अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१७ चे नियम आहेत. त्यांत मागितलेली माहिती गाळायची नाही, फक्त खाली न्यायची.

छापण्याआधी अर्धा तास काढा. कारखान्याशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसापुढे तीन पाकिटं ठेवा, त्यांतलं एकच सदोष बॅचचं. सूचना हातात द्या आणि काही न समजावता विचारा: यातलं कुठलं परत द्याल, आणि का? चुकीचं पाकीट उचललं, तर बॅचची ओळ पुन्हा लिहा. पाकीट बरोबर उचललं पण कारण सांगता आलं नाही, तर पहिली ओळ.