मागणी आणि पुरवठा एकदम सरकले, तर किंमत सांगायची की नग?

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात एकच वक्र सरकतो तोवर सगळं सरळ असतं. मागणी वाढली की किंमत वाढते आणि नगही वाढतात. पुरवठा वाढला की किंमत उतरते आणि नग वाढतात. दोन्ही वक्र एकाच वेळी सरकले की मात्र उत्तरात एक जागा रिकामी सोडावी लागते, आणि बहुतेकांचे गुण तिथेच जातात, कारण ती जागा रिकामी सोडायची हिंमत होत नाही.

सायकलींचा बाजार घ्या. पेट्रोल महागलं म्हणून सायकलींची मागणी वाढली. त्याच काळात नव्या यंत्रांमुळे सायकल बनवायचा खर्च कमी झाला, म्हणून पुरवठाही वाढला. आकृती काढण्याआधी दोन ओळी लिहा. फक्त मागणी वाढली असती तर किंमत वर, नग वर. फक्त पुरवठा वाढला असता तर किंमत खाली, नग वर. आता या ओळी एकाखाली एक वाचा. नगांबाबत दोघींचं एकमत आहे, म्हणून नग नक्की वाढणार. किंमतीबाबत एक ओढ वर आहे आणि एक खाली. कोणती जास्त जोराची, हे प्रश्नात दिलेलं नाही, म्हणून किंमत अनिश्चित.

या ‘अनिश्चित’ शब्दाचा अर्थ नीट धरून ठेवायला हवा. बाजारात समतोल किंमत ठरत नाही, असा तो अर्थ नाही. ती ठरतेच, आणि एकच ठरते. आपल्या हातात फक्त सरकण्याच्या दिशा आहेत, अंतरं नाहीत, आणि नुसत्या दिशांवरून किंमत वाढली की उतरली हे सांगता येत नाही, एवढंच त्यातून म्हणायचं आहे.

आकडे घातले की हे दिसायला लागतं. समजा मागणी = १०० − २ × किंमत आणि पुरवठा = १० + किंमत. दोन्ही सारखे ठेवले की किंमत ३० येते आणि नग ४०. आता मागणी ३० ने वाढवा, म्हणजे १३० − २ × किंमत, आणि पुरवठा १५ ने, म्हणजे २५ + किंमत. नवी किंमत ३५, नग ६०. आता आकडे उलटे करा, मागणीत १५ ची वाढ आणि पुरवठ्यात ३० ची. किंमत २५ वर येते, नग ६५ होतात. दोन्हीकडे ३० ची वाढ दिली तर किंमत ३० वरच राहते आणि नग ७० होतात. गोष्ट तीच, ‘दोन्ही वाढले’. नग तिन्ही वेळा वाढले, किंमत मात्र एकदा चढली, एकदा उतरली, एकदा हललीच नाही.

आकृतीची गफलत इथूनच सुरू होते. वहीत दोन नवे वक्र काढले की ते कुठेतरी छेदणारच, आणि तो छेदबिंदू जुन्या बिंदूच्या वर असेल किंवा खाली. विद्यार्थी तो बघून ‘किंमत वाढते’ असं लिहून मोकळा होतो. पण ते उत्तर बाजाराचं नाही, पेन्सिल किती सरकवली त्याचं आहे. म्हणून अशा प्रश्नात किमान दोन आकृत्या काढा, एकीत मागणी जास्त सरकलेली, दुसरीत पुरवठा. दोन्हींत जे सारखं दिसेल तेच ठामपणे लिहा.

आता वक्र उलट दिशांना सरकवून बघू. पेट्रोल महागलं आणि त्याच वेळी पोलादही महागलं. सायकलींची मागणी वाढली, पुरवठा घटला. मागणीची ओढ किंमत वर, नग वर. पुरवठ्याची ओढ किंमत वर, नग खाली. इथे किंमत नक्की वाढते आणि नग अनिश्चित राहतात. इथवर पाठ्यपुस्तकात असतंच. त्यापुढे एक वाक्य सर्रास लिहिलं जातं: ‘मागणीतील वृद्धी पुरवठ्यातील ऱ्हासापेक्षा जास्त असेल तर नग वाढतील.’ हे वाक्य जपून वापरायला हवं. जास्त म्हणजे कुठल्या दिशेने मोजलेलं जास्त, हे त्यात सांगितलेलंच नाही.

पुन्हा मूळ समीकरणांवर या. मागणी ३० ने वाढवा, पुरवठा १८ ने घटवा. म्हणजे १३० − २ × किंमत आणि −८ + किंमत. किंमत ४६ येते, नग ३८. मागणीचं सरकणं मोठं होतं, तरी नग ४० वरून ३८ वर आले. पुरवठा १८ ऐवजी १५ ने घटवला तर किंमत ४५ आणि नग बरोबर ४०, जिथे होते तिथेच. म्हणजे ३० आणि १५ ची इथे बरोबरी झाली. कशी?

कारण ३० आणि १५ ही आडवी अंतरं आहेत, त्याच किंमतीला किती नग जास्त किंवा कमी, याची. नगांचं काय होणार हे ठरवायला उभं अंतर बघावं लागतं, म्हणजे तेवढ्याच नगांना ग्राहक किती जास्त द्यायला तयार आहे आणि विक्रेता किती जास्त मागतो आहे. या मागणीत किंमत १ ने वाढली की २ नग कमी होतात, म्हणून ३० नगांचं आडवं सरकणं उभं मोजलं तर १५ भरतं. पुरवठ्यात किंमत १ ने वाढली की १ नग वाढतो, म्हणून तिथे १५ चं उभं अंतरही १५ च. ४० नगांना ग्राहक १५ जास्त देतो, विक्रेता १५ जास्त मागतो. सौदा ४० नगांवरच होतो, किंमत तेवढी १५ ने चढते. पुरवठा १८ ने घटला तेव्हा विक्रेता १८ जास्त मागू लागला, ग्राहक १५ वरच थांबला, म्हणून नग घटले.

किंमतीचा प्रश्न असेल तर मात्र आडवी अंतरंच ताडून बघायची. जुन्या किंमतीला मागणी जास्त वाढली की पुरवठा, एवढ्यावर किंमतीची दिशा ठरते, उतार काहीही असो. वरच्या तिन्ही उदाहरणांत तसंच झालं आहे. तेव्हा किंमत अनिश्चित असेल तर आडवं मोजा, नग अनिश्चित असतील तर उभं मोजा.

ही अनिश्चितता दर वेळी असतेच असंही नाही. पुरवठ्याचा वक्र पूर्ण उभा असेल, म्हणजे किंमत कितीही झाली तरी नग तेवढेच, तर नग एकटा पुरवठाच ठरवतो. मागणी वाढली आणि पुरवठा घटला तरी नग घटले, हे तिथे बेधडक लिहिता येतं. पुरवठ्याचा वक्र पूर्ण आडवा असेल तर त्याच तऱ्हेने किंमत एकट्या पुरवठ्यावर ठरते.

आणखी एक चूक हमखास होते. मागणी वाढल्याने किंमत चढली, मग ‘किंमत चढल्याने पुरवठा वाढला’ म्हणून पुरवठ्याचा वक्रही उजवीकडे सरकवला जातो. किंमतीमुळे झालेला बदल हा पुरवठ्याचा विस्तार आहे, त्याच वक्रावरून वर जाणं. वक्र सरकवायला किंमतीबाहेरचं कारण लागतं, यंत्र, पोलाद, कर असं काहीतरी. ते प्रश्नात सापडत नसेल तर तो प्रश्न दोन वक्रांचा नाहीच.

प्रश्न कधी उलटाही येतो: किंमत वाढली, नगही वाढले, तर काय घडलं असेल? नवा बिंदू जुन्याच्या वर आणि उजवीकडे आहे. उतरत्या मागणी वक्रावर असा बिंदू सापडत नाही, म्हणून मागणी नक्की वाढली आहे. पुरवठ्याचं मात्र उतार ठाऊक असल्याशिवाय सांगता येत नाही. आपल्या पहिल्या उदाहरणात किंमत ३५ आणि नग ६० झाले होते. जुन्या पुरवठ्याने ३५ किंमतीला ४५ च नग आले असते, म्हणून वरचे १५ पुरवठा सरकल्याचे. नव्या बिंदूत किंमत ३५ आणि नग ४५ असते, तर पुरवठा जागचा हललाच नसता, आणि नग ४२ असते तर तो घटलेला निघाला असता.