फोटो अपलोड सुरू झाले की मीटिंग का अडकते? राउटरवर एसक्यूएम लावायची रीत

घरात कुणाच्या तरी फोनवरून फोटोंचा बॅकअप सुरू होतो आणि त्याच क्षणी तुमच्या व्हिडिओ कॉलमधला आवाज तुटायला लागतो. आपण ऑपरेटरला फोन करतो. तो स्पीड टेस्ट करायला सांगतो, स्पीड पूर्ण येतो आणि विषय तिथेच संपतो. स्पीडमध्ये खोट नसतेच. लाइन भरल्यावर पॅकेट किती वेळ ताटकळतात, हे स्पीडच्या आकड्यात दिसत नाही. या दुखण्याचं नाव बफरब्लोट.

आधी मोजून बघा. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, कारण वायफायचा स्वतःचा विलंब यात मिसळला की काहीच कळत नाही. विंडोजवर ही कमांड चालू ठेवा (मॅक आणि लिनक्सवर `-t` नको):

```
ping -t 1.1.1.1
```

मिनिटभर आकडे पाहा आणि मग एखादी मोठी फाइल अपलोड करायला लावा. आमच्या घरी प्लॅन डाउनलोड ४०, अपलोड २० एमबीपीएसचा. लाइन मोकळी असताना पिंग १४ मिलीसेकंद होता, अपलोड सुरू झाल्यावर ४३० च्या आसपास गेला. अपलोड प्रत्यक्षात १९ एमबीपीएस मिळत होतं. या वेगाने एक मेगाबाइट, म्हणजे ८ मेगाबिट, बाहेर जायला साधारण ०.४२ सेकंद लागतात. म्हणजे ऑपरेटरच्या डब्यात मेगाबाइटभर डेटा रांगेत तुंबला होता, आणि माझं प्रत्येक पॅकेट त्याच्या शेपटाला उभं राहत होतं.

किराणा दुकानात महिन्याची यादी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकामागे फक्त काडेपेटी हवी असलेला माणूस अडकतो, तसंच हे. एसक्यूएम, म्हणजे स्मार्ट क्यू मॅनेजमेंट, दोन कामं करतं. प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी ठेवून सगळ्यांना आळीपाळीने सोडतं, आणि एखादी रांग फार वेळ तुंबली तर तिच्यातली काही पॅकेट टाकून देतं, म्हणजे पाठवणारा आपोआप वेग कमी करतो. पण त्यासाठी रांग आपल्या राउटरमध्येच लागायला हवी. म्हणून राउटरला लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी वेग सांगायचा. थोडा स्पीड सोडायचा तो एवढ्यासाठीच.

नुसतं 'QoS' लिहिलेला पर्याय पुष्कळ राउटरवर असतो, पण तो बहुधा यंत्रांना प्राधान्य देण्यापुरताच असतो. सेटिंगमध्ये `cake` किंवा `fq_codel` ही रांग सांभाळायच्या पद्धतींची नावं दिसली तर काम होईल. मी राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली वापरतो, म्हणून पुढची पावलं तिच्या सेटिंगच्या पानातली.

१. `System → Software` मध्ये जाऊन `luci-app-sqm` इन्स्टॉल करा. मग `Network → SQM QoS` उघडा.

२. इंटरफेस म्हणून इंटरनेटकडे जाणारा निवडा. युजरनेम-पासवर्ड टाकून जोडणी होत असेल तर तो बहुधा `pppoe-wan` असतो. इथे चुकून `br-lan` निवडलं तर डाउनलोड-अपलोड उलटे होतात.

३. वेग किलोबिटमध्ये लिहायचा. प्लॅनचा आकडा नको, मोजलेला घ्या आणि त्याच्या ९० टक्के भरा. आमचे ३८ आणि १९ भरले, म्हणून `34200` आणि `17100`. शून्य लिहिलं तर त्या दिशेला मर्यादाच लागत नाही.

४. `Queue Discipline` मध्ये `cake` आणि `piece_of_cake.qos` निवडा. `Link Layer Adaptation` मध्ये फायबरसाठी `Ethernet with overhead` आणि `44`. सेव्ह करून चालू करा.

आता तोच पिंग, तेच अपलोड. आमच्याकडे आकडा २५ च्या आत राहिला. नाही राहिला तर ज्या दिशेला त्रास आहे तिथला वेग पाच-पाच टक्क्यांनी उतरवत जा. राहिला तर थोडा चढवून बघा आणि पिंग उसळायला लागला की एक पायरी मागे या. अपलोड सहज ताब्यात येतं, कारण ते आपल्याच राउटरमधून सुटतं. डाउनलोड मात्र अरुंद जागेतून आधीच येऊन गेलेलं असतं, म्हणून तिथे जास्त जागा सोडावी लागू शकते. संध्याकाळी लाइन मंदावत असेल तर मोजणी रात्री नऊला करा. दुपारच्या आकड्यावर बेतलेली मर्यादा तेव्हा निरुपयोगी ठरते.

एवढं करूनही फरक पडला नाही तर तीन गोष्टी तपासा. ऑपरेटरने दिलेल्या डब्याचं वायफाय चालू असेल आणि घरातले फोन त्यालाच जोडलेले असतील, तर त्यांचा डेटा तुमच्या राउटरमधून जातच नाही. ते वायफाय बंद करा. माझे दोन दिवस यातच गेले होते. दुसरं, फायरवॉलमधलं `flow offloading` बंद आहे ना ते बघा. ते डेटाला रांगेच्या बाजूने पळवू शकतं. तिसरं, राउटरचा प्रोसेसर. स्वस्त राउटर शंभर एमबीपीएसला टिकतो, पण पाचशेच्या लाइनवर एसक्यूएम लावलं की वेगच निम्म्यावर येऊ शकतो. तेव्हा फक्त अपलोडला मर्यादा लावून डाउनलोडला शून्य ठेवून बघा, कारण मीटिंग तुटते ती बहुतेक वेळा अपलोड तुंबल्यामुळेच.